रिट टाकायचंय? आधी पोच दाखवा

आज सात रस्त्याला चहा घेताना एका ओळखीच्याने कुणाला तरी छातीठोक सांगितलं, "ऑफिसात खेटे कशाला घालताय, सरळ हायकोर्टात रिट टाका, पैसे मिळतील." डोकं सणकलं. याच सल्ल्याने आमच्या शेजारच्या काकूंचं नुकसान झालं होतं.

काकूंचे यजमान अनुदानित शाळेत शिपाई होते. ते गेल्यावर फॅमिली पेन्शनची फाईल अडकली. काकू जायच्या, साहेब "बघतो" म्हणायचे, सगळं तोंडी. मग घाईघाईने मॅन्डॅमसची याचिका टाकली. कोर्टाने पहिलंच विचारलं, लेखी मागणी कुठे आहे? नव्हती. याचिका मागे घ्यावी लागली.

रिट म्हणजे हायकोर्टाचा हुकूम, आणि मॅन्डॅमस हा त्यातला एक प्रकार: कायद्याने नेमून दिलेलं काम कर, असं अधिकाऱ्याला सांगणारा. त्यासाठी तुमचा हक्क हवा, त्याचं कर्तव्य हवं, आणि शक्यतो तुम्ही लेखी मागूनही त्याने नाकारलं किंवा गप्प बसला, हे दिसायला हवं. ऑफिसात माणसं कमी आहेत, मान्य. पण बाईला वर्षानुवर्षं तोंडी उत्तरावर झुलवायचं, हे कुठलं काम?

मग अर्ज दिला, आवक शिक्का घेतला, पुन्हा याचिका केली. कोर्टाने पेन्शन दिली नाही, मुदतीत निर्णय घ्या एवढंच सांगितलं. निर्णय आला एका ओळीचा: "नियमानुसार अनुज्ञेय नाही." काकू त्या दिवशी खूप रडल्या.

इथेच लोक चुकतात. आता नुसतं मॅन्डॅमस मागून चालत नाही, कारण नकाराचा आदेश कागदावर उभा आहे. आधी तो रद्द करायला सर्शिओरारी मागायची, जोडीला नव्याने निर्णय घ्या म्हणून मॅन्डॅमस. सर्शिओरारीत कोर्ट अपिलासारखा पुरावा पुन्हा तोलत नाही. अधिकार होता का, बाजू ऐकली का, कायद्याची चूक आदेशातच दिसते का, हे बघतं. ऑफिसने प्रतिज्ञापत्रात सेवाखंडाचं नवंच कारण घुसडलं. पण अंधेरीच्या थिएटरच्या परवान्यावरून मुंबईच्या पोलीस आयुक्तांविरुद्ध झालेल्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९५१ मध्येच सांगितलंय की आदेश त्यातल्या शब्दांवरून वाचायचा, मागाहून दिलेल्या खुलाशावरून नाही. काकूंच्या बाजूने तेच उपयोगी पडलं.

प्रोहिबिशन वेगळं. अधिकार नसलेलं न्यायाधिकरण प्रकरण चालवत असताना, निकालाआधी ते थांबवायला. को वॉरंटो पात्रता नसताना सार्वजनिक पदावर बसलेल्यासाठी, ते कुणीही नागरिक मागू शकतो. काकूंना दोन्हींचा उपयोग शून्य. आणि यजमान राज्य सरकारी नोकर असते तर हायकोर्टाआधी मॅटचं, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचं, दार होतं, हेही त्या सल्लागाराला माहीत नव्हतं.

१८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या सोलापूर जिल्ह्याचं काम हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचला चालतं, मुंबईची रात्रीची गाडी तरी वाचली.

काकूंची पेन्शन फेरनिर्णयात मंजूर झाली. थकबाकी अजून मिळालेली नाही. त्यासाठीचा लेखी अर्ज मी आत्ता टाईप करतोय.