चिकटलेले पीक आणि फ्लोचं खूळ

"पीक चिकटलेत? बफरला हात लावू नका. फ्लो अर्धा करा, रिझोल्यूशन दुप्पट. पाव करा, चौपट. तरी नाही जमलं तर सगळ्यांत बारीक कणांचा कॉलम लावा, प्लेट्स वाढल्या की काहीही सुटतं. क्यूसीतल्या मित्रांना पाठवा."

महाडपासून लोटे-परशुरामपर्यंत औषध कारखान्यांतल्या क्यूसीवाल्यांच्या ग्रुपांवर एचपीएलसीबद्दलचं, म्हणजे मिश्रणातले पदार्थ कॉलममधून सुटे करून प्रत्येकाचा पीक दाखवणाऱ्या यंत्राबद्दलचं, हे फिरत होतं, तोवर मी गप्प होतो. मग माझ्या भाचीने रात्रपाळीत ते खरं मानलं आणि सिक्वेन्स चालू असतानाच फ्लो मिनिटाला १ मि.ली.वरून ०.२५ वर आणला. सकाळी फोन आला, "मामा, पीक तर आणखीच जवळ आलेत. आणि ॲसे चारपट कसा?"

ॲसे, म्हणजे सॅम्पलमधलं औषधाचं प्रमाण, चारपट येणारच. यूव्ही डिटेक्टर फक्त त्याच्या सेलमधून जाणाऱ्या द्रावाची तीव्रता बघतो. फ्लो पाव केला की तोच पदार्थ सेलमधून जायला चौपट वेळ घेतो, म्हणून एरिया चौपट. स्टँडर्ड १ मि.ली.ला टोचलेलं आणि सॅम्पल ०.२५ ला, मग दोघांची तुलना करायची कशी? इथे निदान आकडा इतका वेडावाकडा होता की तिला लगेच शंका आली. तिने फ्लो ०.९५ केला असता तर ९८ टक्क्यांचा ॲसे १०३ दिसला असता आणि सगळे कारण शोधत बॅचमागे लागले असते. या संदेशाचा सगळ्यात मोठा उपद्रव हाच. फ्लो बदलायचा तर सिक्वेन्स थांबवा, कॉलम स्थिर होऊ द्या आणि स्टँडर्ड पुन्हा टोचा.

आता 'दुप्पट-चौपट'. १९५६ साली व्हॅन डीम्टर, झाउडरवेग आणि क्लिंकेनबर्ग यांनी प्लेटची उंची कशी ठरते ते मांडलं: H = A + B/u + C·u. H जितकी कमी, तितक्या प्लेट्स जास्त आणि पीक अरुंद. u म्हणजे कॉलममधला वेग. A कणांमधल्या वाकड्यातिकड्या वाटांमुळे, तो वेगावर अवलंबून नाही. B पदार्थ आपल्या आपण पसरतो त्यामुळे. वेग कमी केला की पसरायला जास्त वेळ मिळतो आणि हा हिस्सा वाढतो. C पदार्थाला कणाच्या आत जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळामुळे. तो वेगाबरोबर वाढतो. म्हणून आलेखाला तळ असतो. तळाच्या उजवीकडे फ्लो कमी करणं फायद्याचं, डावीकडे तोट्याचं.

भाचीचा कॉलम २५० × ४.६ मि.मी., ५ मायक्रॉनचा. चांगला भरलेला कॉलम आणि लहान रेणू धरले तर हिशेब साधारण असा बसतो, H मायक्रॉनमध्ये आणि F मिनिटाला मि.ली.मध्ये: H = 5 + 1.3/F + 3.9F. १ मि.ली.ला H येते १०.२, म्हणजे सुमारे २४,५०० प्लेट्स. ०.५ ला ९.५५, म्हणजे सुमारे २६,२००. रिझोल्यूशन प्लेट्सच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे भाचीचं १.२ चं झालं १.२४. एवढ्यासाठी साडेतेरा मिनिटांचा पीक सत्तावीस मिनिटांवर गेला. आणि ०.२५ ला? H ११.२, रिझोल्यूशन १.१५. सुरुवातीपेक्षा कमी, आणि पीक चोपन्नाव्या मिनिटाला. या कॉलमचा तळ ०.६ च्या आसपास आहे आणि तिथेही १.२४ च्या वर जात नाही.

बरं, अर्धं सत्य आहे तेवढं देऊन टाकतो. C चा हिस्सा कणाच्या व्यासाच्या वर्गाने वाढतो. जुन्या १० मायक्रॉनच्या कॉलमवर १ मि.ली. म्हणजे तळापासून खूप उजवीकडे, तिथे फ्लो अर्धा केला तर रिझोल्यूशन पंधराएक टक्के सुधारतं. पेप्टाइडसारखे मोठे रेणू हळू पसरतात, त्यांनाही सावकाश फ्लो मानवतो. पण दुप्पट? कुठेच नाही.

"बफरला हात लावू नका" हे वाचून मला खरा राग आला, कारण भाचीचं उत्तर बफरमध्येच होतं. रिझोल्यूशनचं सूत्र Rs = (√N/4) × (α−1)/α × k/(1+k) असं आहे. N म्हणजे प्लेट्स, k रिटेन्शन फॅक्टर, म्हणजे पदार्थ कॉलमवर किती थांबतो ते, α सिलेक्टिव्हिटी, म्हणजे दोन पीकांच्या k चं गुणोत्तर. तिच्याकडे α होता १.०४ आणि k साधारण ४. निव्वळ प्लेट्सच्या जोरावर १.२ चं १.५ करायचं तर दीडपटीहून जास्त प्लेट्स हव्यात. α १ असेल तर मग लाख प्लेट्स आणा, काही होत नाही.

तिचा नंतर निघणारा पीक एका कार्बोक्सिलिक आम्लाचा, पीकेए ४.४ च्या आसपास. आधी निघणारा तटस्थ पदार्थाचा. फॉस्फेट बफर पीएच ३.० चा. त्या पीएचला आम्लाचा ३.८ टक्के भाग आयन झालेला असतो, आणि आयन कॉलममधल्या सी-१८ वर जवळपास थांबत नाही. पीएच २.८ केला की हा भाग अडीच टक्क्यांवर येतो. आम्ल थोडं जास्त थांबतं, तटस्थ जागेवर राहतो, α होतो १.०५५ आणि रिझोल्यूशन १.६. वेळ जवळपास तेवढाच. यूएसपी या अमेरिकन औषधसंहितेच्या ६२१ क्रमांकाच्या प्रकरणात पीएचमध्ये ०.२ पर्यंतचा बदल चालतो, अर्थात सिस्टिम सूटेबिलिटी पास झाली पाहिजे. ॲसिटोनायट्राइल मिसळल्यावर पीएच आणि पीकेए दोन्ही सरकतात, म्हणून हा हिशेब फक्त दिशा सांगतो. खरं काय ते टोचून बघायचं. आम्ल आधी निघत असतं तर हाच बदल पीकांना एकमेकांवर ढकलून गेला असता. आणि ०.२ ने इतका फरक पडत असेल तर पीएच मीटर रोज कॅलिब्रेट करा, आणि पीएच सॉल्व्हंट मिसळायच्या आधी मोजा.

तापमानानेही α हलतो. मे महिन्यात आपल्याकडे एसी बंद पडला की खोलीच तिशीच्या वर जाते. थंड न करू शकणारा कॉलम ओव्हन ३० वर ठेवला असेल तर तो फक्त नावाला ३० असतो.

बारीक कणांचं थोडक्यात. प्लेट्स ठरतात लांबी भागिले कणाचा व्यास यावर. १५० मि.मी.चा ३ मायक्रॉनचा कॉलम आणि २५० चा ५ मायक्रॉनचा, दोन्हींचं गुणोत्तर एकच, त्यामुळे आपापल्या तळाशी प्लेट्सही तेवढ्याच. मिळतो तो वेळ, कारण C लहान झाल्याने आलेखाची उजवी बाजू सपाट होते आणि फ्लो वाढवला तरी फारसं बिघडत नाही. लांबी तीच ठेवून १.७ मायक्रॉन लावाल तर त्याच फ्लोला प्रेशर साडेआठपट: १२० बारचे हजाराच्या वर, आणि ४०० बारचा पंप त्याआधीच बंद.

पुढच्या वेळी पीक चिकटले की आधी प्लेट्सचा आकडा बघा. कॉलम नवा असतानाच्या आकड्यापेक्षा तो बराच पडला असेल, तर कॉलम थकलाय किंवा एखादी फिटिंग नीट बसलेली नाही. आकडा ठीक असेल तर फ्लोचं बटण सोडा आणि बफरची बाटली तपासा.