डिस्चार्ज कार्डावरची सगळ्यात खालची गोळी

अण्णांचं गुडघा बदलण्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ते ७४ वर्षांचे होते. ऑपरेशन छान झालं. सहाव्या दिवशी घरी आलो, तेव्हा डिस्चार्ज कार्डावर नऊ औषधं होती. रक्त पातळ करणारी, दुखण्याची, ॲसिडिटीची, कॅल्शियम, बी.पी.ची, आणि सगळ्यात खाली झोपेची गोळी, अल्प्राझोलम ०.५. पुढे ०-०-१, म्हणजे रात्री एक. किती दिवस, ते लिहिलेलं नव्हतं. बाकीच्या बहुतेक औषधांपुढे दिवस होते. या एकीपुढे नव्हते, आणि आमच्यापैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नाही.

ही गोळी आली कुठून ते मला नंतर आठवलं. ऑपरेशनच्या दुसऱ्या रात्री अण्णांना झोप येईना. शेजारच्या कॉटवरचे आजोबा कण्हत होते, दिवा चालू होता, सिस्टर दर थोड्या वेळाने बी.पी. बघायला येत होत्या आणि पाय ठणकत होता. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी शीटवर गोळी लिहिली, अण्णा झोपले. त्या रात्री ते योग्यच होतं, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पण डिस्चार्जच्या दिवशी ती शीट जशीच्या तशी कार्डावर उतरली आणि हॉस्पिटलच्या गोंगाटासाठी दिलेली गोळी आमच्या शांत घरात आली. तिथे ती आठ महिने राहिली.

आठ महिने कसे गेले हे सांगायला हवं, कारण अनेक घरांत हेच चालू असणार. टाके काढताना सर्जननी पाय बघितला, एक्स-रे बघितला आणि "गोळ्या चालू ठेवा" म्हणाले. त्यांच्या मनात कॅल्शियम असावं. बी.पी.चे डॉक्टर कार्ड बघून म्हणाले, "ही ऑपरेशनची दिसते, असू द्या." मेडिकलवाल्याला जुनी स्ट्रिप दाखवली की नवी मिळायची. खरं तर अल्प्राझोलम शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या यादीत येतं. पाकिटावर लाल चौकटीत इशारा असतो, आणि दुकानदाराने रुग्णाचं व डॉक्टरांचं नाव रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं ठेवायचं असतं. आम्हाला कुणी काही विचारलं नाही, आम्हीही विचारलं नाही. प्रत्येकाला वाटत होतं की ही गोळी दुसऱ्या कुणाची तरी आहे.

दरम्यान अण्णा बदलत होते, पण इतके हळूहळू की आम्ही सगळं वयावर ढकललं. सकाळी नऊपर्यंत डोळे जड. चहाचा कप हातात धरून नुसते बसलेले. पेपरातलं कोडं सोडवणं सुटलं. "आज कोणता वार?" हे दिवसातून दोनदा. चालताना भिंतीला हात लावायचे, आम्हाला वाटलं गुडघ्यामुळे. मग एका रात्री अडीचच्या सुमारास लघवीला उठले आणि बेसिनच्या कडेवर कपाळ आपटून पडले. तीन टाके. नवीन गुडघा वाचला, खुबा वाचला, हे नशीब.

टाके घालणाऱ्या डॉक्टर मुलीने एकच प्रश्न विचारला, "रात्री झोपेची गोळी घेतात का?" मी "हो" म्हणाले आणि तेव्हा मला पहिल्यांदा ती गोळी दिसली.

अल्प्राझोलम तरुण माणसाच्या रक्तात निम्मं व्हायला साधारण ११ तास लागतात, म्हाताऱ्या माणसात १६ च्या आसपास. म्हणजे रात्री दहाला घेतलेल्या गोळीतली निम्मी दुसऱ्या दिवशी दुपारीही अंगात असते, आणि रात्री वर नवीन पडते. सकाळची गुंगी, तोल जाणं, विसरणं, सगळं त्यातून येऊ शकतं. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीची बिअर्स यादी म्हणून एक यादी आहे, वयस्करांना शक्यतो टाळावीत अशा औषधांची. त्यात अल्प्राझोलमचा गट, बेंझोडायझेपिन, आहे, क्लोनाझेपाम आणि लोराझेपाम त्याच गटातली. झोल्पिडेमसारख्या झोपेच्या गोळ्याही आहेत. कारणं हीच: पडणं, हाड मोडणं, भ्रम होणं.

मी घाबरून त्याच रात्री गोळी बंद केली. ही माझी चूक, आणि ती तुम्ही करू नये म्हणून सांगते. अण्णा रात्रभर जागे. हात थरथरत होते, छातीत धडधड, "मला काहीतरी होतंय" असं सारखं म्हणत होते. पहाटे आईने गोळी दिली आणि म्हणाली, "बघ, त्यांना गोळीशिवाय झोपच नाही." मलाही क्षणभर तसंच वाटलं. फॅमिली डॉक्टरांनी नंतर समजावलं तेव्हा कळलं: महिनाभराहून जास्त रोज घेतलेली ही गोळी एकदम थांबवली की शरीर उलट उसळी मारतं. झोप आधीपेक्षा बिघडते, जीव घाबरतो, काहींना फिटसुद्धा येऊ शकते. ती जागी रात्र गोळी सुटल्याची होती. मूळची झोप गेली आहे असा त्याचा अर्थ नव्हता. मला वाटतं हजारो माणसं अशी एक रात्र गोळी चुकवून बघतात, घाबरतात आणि मग वर्षानुवर्षं घेत राहतात.

आता डॉक्टरांकडे विषय कसा काढायचा ते. अण्णा पडल्यावर आधी मी एकदा बी.पी. तपासून झाल्यावर दारातून वळून विचारलं होतं, "ती झोपेची गोळी बंद करू का?" उत्तर आलं, "झोप येतेय ना? मग चालू राहू द्या." पाच मिनिटांच्या भेटीच्या शेवटी असा प्रश्न टाकला तर दुसरं उत्तर कसं येणार? दुसऱ्या वेळी मी फॅमिली डॉक्टरांकडे वेगळी वेळ घेतली आणि खुर्चीत बसताच म्हणाले, "डॉक्टर, आज आम्ही फक्त या एका गोळीसाठी आलोय. ही हॉस्पिटलमध्ये दुसऱ्या रात्री सुरू झाली, झोप येत नव्हती म्हणून. आठ महिने झाले. गेल्या आठवड्यात अण्णा रात्री पडले. ही अजून लागते का, आणि लागत नसेल तर कमी कशी करायची, ते लिहून द्याल का?"

यात डॉक्टरांना हवं ते सगळं होतं: कुणी सुरू केली, कशासाठी, किती दिवस झाले आणि काय घडलं. "गोळी वाईट आहे असं ऐकलं" एवढंच म्हटलं असतं तर डॉक्टरांना धरायला काही नव्हतं. सोबत डिस्चार्ज कार्ड नेलं, सात दिवसांची वही नेली (कधी झोपले, किती वेळा उठले, सकाळी गुंगी होती का, दुपारी किती झोपले), आणि घरातल्या सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून नेल्या.

त्या पिशवीने मोठं काम केलं. डॉक्टर एकेक स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचत होते. एका हिरव्या स्ट्रिपवर थांबले. अण्णांची "गॅसची गोळी", दुसऱ्याच कुणी कधीतरी लिहून दिलेली. तिच्यात क्लोरडायझेपॉक्साइड होतं. म्हणजे त्याच गटातलं औषध, पोटाच्या नावाखाली. पोटाच्या, धडधडीच्या आणि मनाच्या काही जोडगोळ्यांत हे असं मिसळलेलं असतं, आणि वरचं नाव वाचून ते कळत नाही. ती गोळी अण्णा महिन्यातून एखाद्या वेळीच घ्यायचे, त्यामुळे लगेच थांबवता आली. दुखण्यासाठी ट्रामाडॉल अजून घेतात का, हेही त्यांनी विचारलं, कारण ते आणि ही गोळी एकत्र घेतली तर श्वास मंदावू शकतो. अण्णांचं ट्रामाडॉल पहिल्या महिन्यातच संपलं होतं.

मग अण्णांना प्रश्न. दारू? कधी फिट आली होती? ऑपरेशनच्या आधी कधी झोपेची किंवा मनाची गोळी? रात्री जोरात घोरता, मध्येच श्वास अडकतो? चारही उत्तरं "नाही" आली म्हणून पुढचं सोपं झालं. यातलं एखादं "हो" असतं तर आमचा मार्ग वेगळा असता. ज्यांना ही गोळी फिटसाठी किंवा मानसिक आजारासाठी दिलेली आहे, त्यांनी माझ्या पोस्टवरून काहीही बदलू नये, ज्यांनी ती लिहिली त्या डॉक्टरांशीच बोलावं.

डॉक्टरांनी तक्ता लिहून दिला. ०.५ ऐवजी ०.२५ ची साधी गोळी आणायला सांगितली, म्हणजे अर्धी करता येते. (एस.आर. लिहिलेली गोळी मोडायची नाही, मोडली तर तिचं हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं.) पहिले दोन आठवडे ०.२५ ची दीड गोळी, पुढचे दोन आठवडे एक, मग अर्धी, मग बंद. दर पायरीला तिसरी-चौथी रात्र वाईट जायची, आठवड्याने घडी बसायची. हे आधीच सांगितलेलं असल्यामुळे आई घाबरली नाही. अर्ध्या गोळीवर अण्णा अडकले. डॉक्टर म्हणाले, घाई नाही, चार आठवडे तिथेच थांबा, पण मागे वर चढू नका. फार थरथर, भ्रम, नसलेलं काही दिसणं किंवा फिट असं काहीही झालं तर तक्ता बाजूला ठेवून लगेच या, हेही त्यांनी खाली लिहून दिलं होतं. दुपारची दोन तासांची झोप अर्ध्या तासावर आणली. संध्याकाळी सहानंतर चहा बंद, यावर मात्र घरात बरीच भांडणं झाली.

एकूण दहा आठवडे लागले. खरं सांगायचं तर अण्णांची झोप विशीतल्या मुलासारखी झालेली नाही. साडेदहाला झोपतात, दोन-तीनच्या सुमारास एकदा उठतात, पाचला जागे. पण सकाळी चहाबरोबर कोडं सोडवतात आणि भिंतीला हात लावत नाहीत. सगळ्यांची गोळी पूर्ण सुटेलच असं नाही, काहींची निम्म्यावर थांबते, आणि पडण्याच्या भीतीच्या हिशेबात तेही पुष्कळ आहे.

आपण विचारल्याने खरंच फरक पडतो का? कॅनडात क्यूबेक प्रांतात याचा एक अभ्यास झाला, २०१४ साली प्रसिद्ध झाला. अशा गोळ्या बरीच वर्षं घेणाऱ्या वयस्करांना फक्त एक माहितीपुस्तिका पाठवली: धोके काय, कमी कशी करायची, आणि डॉक्टर किंवा औषधविक्रेत्याशी बोला. सहा महिन्यांनी त्यांतल्या २७ टक्के लोकांची गोळी पूर्ण बंद झाली होती. ज्यांना पुस्तिका मिळाली नव्हती त्यांच्यात ५ टक्के. हे वाचलं आणि म्हणूनच एवढं लांबलचक लिहायला बसले.

गेल्या महिन्यात माझ्या जाऊबाईंना पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर घरी सोडलं. कार्डावर क्लोनाझेपाम ०.२५, ०-०-१, पुढे दिवस नाहीत. मी काउंटरवरून परत वॉर्डात गेले आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांना विचारलं, "ही किती दिवस घ्यायची?" त्यांनी कार्ड हातात घेतलं, क्षणभर बघितलं, म्हणाले, "तीन रात्री झाल्यात फक्त. घरी नकोच आहे ही," आणि ती ओळ खोडून शेजारी सही केली.