अर्जदारांनो, आधी सहीचं वजन वाढवा

बँकेत क्लार्क व्हायचंय? मग गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी तूर्त गुंडाळून ठेवा. ती परीक्षा नंतर येते. खरी पूर्वपरीक्षा अर्जातल्या अपलोडच्या पानावर असते. तिचा अभ्यासक्रम जाहीर आहे, निकाल लाल अक्षरांत लगेच लागतो आणि फेरतपासणीची सोय नाही. असाच एक अर्ज परवा भरून झाल्यामुळे हे मार्गदर्शन अगदी ताजं आहे.

अभ्यासक्रम आयबीपीएसच्या जाहिरातींतून घेऊ, कारण तो वर्षानुवर्षं छापून येतोय. फोटो 200 × 230 पिक्सेल, वजन 20 ते 50 केबी. सही 140 × 60 पिक्सेल, 10 ते 20 केबी. डाव्या हाताचा अंगठा 240 × 240, 20 ते 50 केबी. आणि स्वहस्ते लिहिलेलं प्रतिज्ञापत्र 800 × 400, 50 ते 100 केबी. बाकीच्या भरत्यांचे आकडे थोडेफार वेगळे असतात, छळ तोच.

सुरुवात फोटोपासून करा. जाहिरात सांगते, पासपोर्ट आकाराचा, 4.5 × 3.5 सेंटिमीटरचा फोटो घ्या आणि तो 200 × 230 पिक्सेलचा करा. तुम्ही आज्ञाधारक आहात, म्हणून दोन्ही करायला जाल. पण 3.5 ला 4.5 ने भागलं तर 0.78 येतं आणि 200 ला 230 ने भागलं तर 0.87. म्हणजे या दोन आयतांचं आपसात जमत नाही. पासपोर्ट फोटो 200 रुंद केला तर उंची 257 व्हायला हवी, 230 नाही. मग तुम्ही पेंटमध्ये Resize उघडता, Maintain aspect ratio वरची खूण काढता आणि दोन्ही आकडे ठोकून देता. चेहरा बारा टक्के रुंद होतो. हरकत नाही, नोकरी लागल्यावर तसाही होणारच आहे. ज्यांना परीक्षा केंद्रावर स्वतःसारखंच दिसायचं असेल त्यांनी आधी 20 : 23 या प्रमाणात क्रॉप करावं, म्हणजे डोक्यावरची आणि छातीखालची थोडी जागा उडते, आणि मगच 200 × 230 ला आणावं. खूण तशीच राहू द्यावी.

फोनवर उभा दिसणारा फोटो अर्जात आडवा झोपला, तर मान वाकडी करून बघा आणि सबमिट करा. (किंवा अपलोडआधी एकदा कुठल्याही एडिटरमध्ये उघडून, फिरवून पुन्हा सेव्ह करा. फोन बऱ्याचदा चित्र फिरवत नाही, ‘हे फिरवून दाखवा’ एवढी चिठ्ठी फाइलला जोडतो. ती वाचायची की नाही हे समोरच्या पानावर अवलंबून.)

आयफोनच्या .heic फाइलचं नाव बदलून .jpg करा. काही होणार नाही, पण करून बघितल्याचं समाधान मिळेल.

आता वजन. तुमची भीती अशी की चार एमबीचा फोटो 50 केबीत बसायचा कसा. भोळे आहात. 200 × 230 केल्या केल्या तो बसतो, इतका की तळालाच जातो. एकूण पिक्सेल उरतात 46,000. पांढऱ्या पार्श्वभूमीचा चेहरा नेहमीच्या जेपीजी क्वालिटीत साधारण दहा केबीच्या आतबाहेर येतो. आता अडचण 50 ची नाही, 20 ची आहे. पान म्हणतं, फोटो फार लहान आहे. अहो, लहान करायला तुम्हीच सांगितलंत ना!

इथे पेंट उपयोगाचा नाही, कारण त्यात जेपीजीची क्वालिटी कमीजास्त करायची सोयच नाही. गिंप घ्या, फुकट आहे. Export As मधून .jpg निवडलं की क्वालिटीचा स्लायडर येतो, आणि Show preview in image window वर खूण केली की सेव्ह करण्याआधीच फाइल किती केबीची होणार ते दिसतं. स्लायडर 95 च्या पुढे न्या आणि आकडा 20 ओलांडतो का बघत राहा. हे मूळ फोटोवरूनच करा. आधी कुणीतरी दाबून 8 केबीचा केलेला फोटो 100 क्वालिटीने पुन्हा सेव्ह केला तर वजन वाढतं, स्पष्टपणा नाही. डाग तेच राहतात, फक्त आता ते काळजीपूर्वक जपले जातात. पान मात्र खूश होतं.

वजन बघताना विंडोजमध्ये Properties उघडा आणि Size on disk ही ओळ वाचा, म्हणजे फसगत पक्की. डिस्कवर जागा बहुधा चार-चार केबीच्या कप्प्यांत मिळते, त्यामुळे 18 केबीची फाइलही तिथे 20 दिसते. वरची Size ही ओळ खरी. त्यातही 1 केबी म्हणजे 1000 बाइट की 1024, यावर विंडोज आणि मॅकचं एकमत नाही, म्हणून 20 किंवा 50 च्या काठावर उभे राहू नका. 30 ते 45 मध्ये आरामात बसा.

आणि आता सही. इथे मन शांत ठेवा. पांढरा कागद, काळी शाई, कॅपिटल अक्षरांत सही चालणार नाही, इथपर्यंत सगळं शहाणपणाचं आहे. मग येतं 140 × 60 आणि किमान 10 केबी. जरा हिशोब करू. 140 गुणिले 60 म्हणजे 8,400 पिक्सेल. 10 केबी म्हणजे 10,240 बाइट. म्हणजे एका पिक्सेलमागे एकाहून जास्त बाइट खर्च झाला पाहिजे. अजिबात न दाबता, लाल-हिरवा-निळा असे तीन बाइट प्रत्येक पिक्सेलला दिले, तरी ही अख्खी सही 25,200 बाइटची होते. जेपीजीचा जन्मच मुळी दाबण्यासाठी झालाय. तो चित्राचे 8 × 8 चे चौकोन करतो, आणि चौकोनात नुसता कोरा पांढरा कागद असेल तर त्याला जवळजवळ काहीच जागा देत नाही. सहीच्या चित्रात कोरा कागदच तर जास्त असतो! त्यामुळे स्लायडर 100 वर नेला तरी स्वच्छ सही बहुधा दहाच्या खालीच घुटमळते. सहीच्या मापांची ही जोडी ठरवणाऱ्याने एकदा तरी स्वतःची सही करून, स्कॅन करून, 140 × 60 ला आणून पाहिली होती का? एकदा? पाच मिनिटं लागतात. उलट गंमत अशी की ज्याने ट्यूबलाइटखाली, हाताची सावली पाडून, चुरगळलेल्या कागदावरच्या सहीचा फोटो काढला, त्याच्या फाइलचं वजन वाढतं, कारण सावली आणि कागदाचे कण जेपीजीला दाबता येत नाहीत. म्हणजे नीटनेटकी सही नापास आणि मळकी सही पास. फोटोशॉपवाल्या दुकानातून आणलेली सहीही पटकन पास होते. लोकांना वाटतं त्याच्या हाताला गुण आहे. गुण फोटोशॉपचा. Save As करताना तो फाइलमध्ये स्वतःची माहिती आणि छोटं चित्रही भरतो, आणि पानाला तेही सहीचंच वजन वाटतं. वाण्याने तागडीत अंगठा ठेवावा तसं.

सुटकेची वाट जाहिरातीतच आहे. मापापुढे कंसात ‘प्राधान्याने’ या अर्थाचा एक इंग्रजी शब्द असतो. म्हणजे 140 × 60 पाहिजेच असं नाही, वजन मात्र पाहिजेच. तेव्हा 7 : 3 हे प्रमाण तसंच ठेवा आणि सही 560 × 240 पिक्सेलची करा. पिक्सेल सोळापट झाले. आता क्वालिटी 90 पासून सुरू करून स्लायडर हलवा, 10 ते 20 मध्ये सहज बसेल आणि सही स्पष्टही दिसेल. जास्त भरली तर 420 × 180 घ्या.

एखादा अर्ज पिक्सेलही मोजत असेल तर मग उघड लबाडीच उरते. एका टेक्स्ट फाइलमध्ये पाच-सहा हजार इंग्रजी अक्षरं काहीही टाइप करा आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ती सहीच्या शेपटीला बांधा:

```
copy /b sahi.jpg+bharti.txt sahi2.jpg
```

चित्र जिथे संपतं त्याच्यापुढचं सहसा कुणी वाचत नाही, त्यामुळे सही पूर्वीसारखीच उघडते. फक्त जड झालेली असते. फाइल आतून कसून तपासणारा एखादा सर्व्हर ती नाकारू शकतो, पण इतका कसून तपासणारा असता तर त्याने केबी मोजले असते का?

डीपीआय 200 करायला विसरू नका. पिक्सेल तेच ठेवून नुसता तो आकडा बदलला की चित्रात आणि वजनात काहीही फरक पडत नाही, म्हणूनच तो बदलायला छान वाटतं.

शेवटची टीप घाईत असणाऱ्यांसाठी. ‘फोटो 20 केबी’ असं शोधा, पहिली जी वेबसाइट उघडेल तिच्यावर फोटो टाका. मग सही टाका. मग अंगठा टाका. मग स्वतःच्या अक्षरातलं प्रतिज्ञापत्र टाका. जाहिरातींच्या गर्दीतून खरं डाउनलोडचं बटण सापडलं की काम झालं. चेहरा, सही, अंगठ्याचा ठसा आणि हस्ताक्षर, चारही एकाच अनोळखी माणसाच्या सर्व्हरवर, तुमच्या हाताने. तेही नको असेल तर नेट कॅफेत जा. तिथल्या डेस्कटॉपवर photo1.jpg, sign.jpg, sign_new.jpg, angtha.jpg अशा फाइली पडलेल्या दिसतील. त्या गेल्या आठवड्यात येऊन गेलेल्यांच्या. पुढच्या आठवड्यात तुमच्या.

बास. आता चेष्टा पुरे झाली.

अर्ज बनवणाऱ्यांनो, किमान केबीची अट कशासाठी आहे? फोटो धूसर येऊ नये म्हणून, असं सांगतात. केबी म्हणजे स्पष्टपणा नव्हे. सहीला पाच हजार निरर्थक अक्षरं बांधून तुमची अट पार करता येते, हा त्याचा पुरावा. स्पष्टपणा हवा तर किमान पिक्सेल सांगा आणि पिक्सेलच मोजा. आणि कमाल केबीची अट कशासाठी? साठवायला जागा लागते म्हणून. मग आलेला फोटो तुम्ही लहान करा ना! ज्या संगणकावर लाखो अर्ज येतात आणि परीक्षा शुल्काचा पैसा-पैसा अचूक कापला जातो, त्यावर हे एका ओळीचं काम आहे:

```
magick in.jpg -auto-orient -resize "200x230^" -gravity center -extent 200x230 out.jpg
```

झोपलेला फोटो उभा होतो, चेहरा ताणला जात नाही, माप बरोबर येतं. यापेक्षाही सोपं म्हणजे अपलोडच्या पानावरच क्रॉपची चौकट द्या. ब्राउझर फोटो लहान करूनच पाठवेल, सर्व्हरवर ताणही येणार नाही. ही सोय देणारे अर्ज आहेत, जमतं. जमत नाही ते फक्त जिथे कुणाला करावंसं वाटत नाही तिथे. तुमचं एका दुपारचं काम तुम्ही लाखो पोरांवर ढकललंय, ज्यांच्यातल्या कित्येकांकडे संगणक नाही, फक्त फोन आहे. त्यांच्याकडून चेहरा-अंगठा-सही कुठल्या कुठे सांडतेय याची तुम्हाला फिकीर नाही, आणि फोटो चुकीचा म्हणून अर्ज बाद झाला की जबाबदारी उमेदवाराची, हे मात्र ठळक अक्षरांत छापता. यातलं काहीच करायचं नसेल तर निदान 4.5 × 3.5 आणि 200 × 230 यांपैकी एक ओळ खोडा. कुठलीही. त्याला ना निविदा लागते, ना बजेट.