फ्रोडो हरतो, तरी कथा जिंकते

“जगातली प्रत्येक गाजलेली कथा एकाच साच्यातली असते, हे जोसेफ कॅम्बेलने 1949 सालीच सिद्ध केलंय. नायक घर सोडतो, कसोटीला उतरतो, बदलून घरी परततो. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ घ्या, अगदी बारा पायऱ्यांत बसते. जी कथा बसत नाही ती फसलेली.” हा दावा नेहमी कानावर पडतो.

आधी कॅम्बेलचं बघू. त्याचा विषय होता पुराणकथा, लोककथा आणि धर्मकथा. निघणं, कसोटी आणि परतणं या तीन टप्प्यांत त्याने सतरा पायऱ्या मांडल्या, आणि वर सांगून टाकलं की पुष्कळ कथा त्यातल्या एकदोनच पायऱ्या उचलून फुलवतात. इतकी सूट दिल्यावर कुठलीही कथा साच्यात बसवता येते, पण त्याने सिद्ध मात्र काहीच होत नाही. बारा पायऱ्यांची यादी तर त्याची नव्हेच. ती क्रिस्टोफर व्होग्लर या हॉलिवूडमधल्या पटकथा-सल्लागाराने पटकथाकारांच्या सोयीसाठी बेतलेली आहे. नवख्या लेखकाला ती खरंच उपयोगी पडते, यात वाद नाही.

आता ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा लेखक टॉल्कीन. पहिला अर्धा भाग साच्यात चोख बसतो, हे मान्य. मोहात पाडणारी दुष्ट अंगठी नष्ट करायला हवी हे नायक फ्रोडोला त्याचा गुरू, जादूगार गँडाल्फकडून कळतं, ती बोलावण्याची पायरी. फ्रोडो महिनोन्महिने रेंगाळतो, ती टाळाटाळ. मग शायर या आपल्या मुलुखाची वेस ओलांडणं, वाटेतले सोबती, आणि मोरियाच्या अंधारात गुरूचं हातचं जाणं. बहुतेकांचं विवेचन इथवर येऊन थांबतं, आणि घोळ होतो तो इथेच. कारण साच्याचा कस लागतो शेवटच्या कसोटीवर.

ती कसोटी माउंट डूम या ज्वालामुखीच्या कड्यावर आहे. फ्रोडोने अंगठी आगीत टाकायची, एवढंच काम उरलंय. आणि तो टाकत नाही. ती आपली आहे असं जाहीर करून बोटात घालतो. अंगठीच्या वेडाने झपाटलेला गॉलम मागून येऊन झडप घालतो, बोटासकट अंगठी तोडून घेतो, आनंदाने नाचू लागतो आणि नाचता नाचता तोल जाऊन आगीत कोसळतो. जग वाचतं, पण नायकाच्या पराक्रमाने नाही. साच्याप्रमाणे इथे नायक स्वतःवर मात करून नवा जन्म घेतो. इथे तो सपशेल हरतो. टॉल्कीनने पत्रांतूनही हे अपयश मान्य केलंय. त्या जागी, त्या क्षणी अंगठीचा मोह कुणालाच आवरला नसता, असं त्याचं म्हणणं.

मग ही चूक की मुद्दाम केलेलं? ओळखायची खूण साधी आहे: मोडतोडीची तयारी आधी झालीय का, ते बघायचं. दुसऱ्याच प्रकरणात फ्रोडो म्हणतो की अंगठी आधी ज्याच्याकडे होती त्या बिल्बोने गॉलमला तेव्हाच मारायला हवं होतं, आणि गँडाल्फ त्याला दयेची बाजू समजावतो. पुढे गॉलम हाती लागतो तेव्हा फ्रोडो स्वतःच त्याला सोडतो. गॉलम कड्यावर हजर असतो तो या दयेमुळे. ही तयारी नसती, तर त्याचं घसरणं निव्वळ योगायोग वाटलं असतं आणि ‘फसलेली’ हा शेरा मी निमूट मान्य केला असता.

परतण्याची पायरी तर याहून मजेशीर. साच्यात नायक बाहेरून काहीतरी वरदान आणतो आणि घर सावरतं. इथे घरच उद्ध्वस्त झालेलं असतं: दुष्ट जादूगार सारुमनच्या माणसांनी झाडं तोडलेली, घरं पाडलेली. लढाईचं पुढारपण फ्रोडोचे मित्र मेरी आणि पिपिन करतात; फ्रोडो तलवारही उपसत नाही. वरदान येतं खरं, पण फ्रोडोचा सोबती सॅम याच्या हातून. वाटेत भेटलेल्या गॅलाड्रिएलने त्याला दिलेली मूठभर माती तो शायरभर पसरतो आणि झाडं पुन्हा उभी राहतात. सॅम लग्न करतो, संसार थाटतो. फ्रोडोच्या जखमा मात्र दर वर्षी ठरावीक तारखांना उठतात, आणि दोनेक वर्षांत तो जहाजाने कायमचा निघून जातो. म्हणजे टॉल्कीनने निघून परतण्याचं वर्तुळ पुसलेलं नाही, दोघांत वाटलंय: झीज फ्रोडोच्या वाट्याला, परतणं सॅमच्या. नायक एकच धरून पायऱ्या मोजणाऱ्याला हे दिसणारच नाही.

2003 सालचा चित्रपट शेजारी ठेवून बघा. त्यात शायरची लढाई गाळलीय, गावाला जणू काही झालेलंच नाही. कड्यावरही फ्रोडो उठून गॉलमशी झटतो आणि त्या झटापटीत दोघं काठावरून खाली जातात. फ्रोडो कसाबसा लटकून राहतो. दोन्ही बदल कथेला साच्याच्या जवळ नेणारे आहेत. पुस्तक मुळातच त्यात बसत असतं, तर ते करावे लागले नसते.