रिकाम्या हॉलमध्ये मी भरलेली माणसं

हे लिहायला जरा लाज वाटतेय, कारण यात चूक माझीच आहे. मी हॉटेलं, हॉल, फ्लॅट असल्या आतल्या जागांचे फोटो काढतो. दोन वर्षांपूर्वी एका छोट्या हॉलचं काम होतं. सकाळी ११ ला शूट केलं, हॉल पूर्ण रिकामा, नुसती चकचकीत फरशी आणि पंखे. मालक फोटो बघून म्हणाले, "दादा, हे तर गोडाऊन वाटतंय, जरा माणसं टाका ना." मी म्हटलं त्यात काय, फोटोशॉपमध्ये फरशी सिलेक्ट केली, जनरेटिव्ह फिलमध्ये `guests dining at round tables` टाइप केलं आणि अर्ध्या मिनिटात गोल टेबलं, शेरवान्या, साड्या, सगळा हॉल गच्च. मालक खूश, मी खूश, पैसे त्याच संध्याकाळी जमा.

पुढे त्याच हॉलवर एका काकांनी मुलीचा साखरपुडा ठरवला. ते बाहेरगावचे, हॉल बघायला यायला जमलं नाही, फोटोतली माणसं मोजली म्हणे, सव्वाशे-दीडशे दिसली, मालकांनीही "मावतील की" म्हटलं, आणि यांनी १२० लोकांना बोलावलं. टेबल-खुर्चीवर जेवण एका वेळी जेमतेम ५५ लोकांचं झालं. तीन पंगती उठवाव्या लागल्या, मुलाकडची म्हातारी माणसं जिन्यात ताटकळली, शेवटची पंगत पावणेचारला बसली. मला हे कळलं केटरिंगवाल्या मित्राकडून, तो त्या दिवशी तिथेच वाढत होता.

मग मी तो फोटो परत उघडला आणि पहिल्यांदा नीट बघितला. मागच्या भिंतीत एक दार आहे, नेहमीचं सात फुटी. साडेपाच फुटाचा माणूस त्या दाराशेजारी उभा राहिला तर डोकं दाराच्या पाऊण उंचीच्या थोडं वर यायला पाहिजे. माझ्या फोटोत दाराला टेकून उभ्या असलेल्या जॅकेटवाल्याचं डोकं जेमतेम कडीपर्यंत, म्हणजे अर्ध्या दारापर्यंत! साडेतीन फुटाची माणसं भरली होती मी. टूलला दार किती फुटी आहे ते माहीत नसतं ना, त्याला फक्त बघायला बरं दिसेल असं काहीतरी भरायचं असतं.

आता हिशोब बघा. माणूस साडेपाचऐवजी साडेतीन फुटाचा दाखवला की हॉल लांबीला दीडपटीहून जास्त वाटतो, रुंदीलाही तेवढाच, म्हणजे जागा जवळजवळ अडीचपट. खरा हॉल ४० बाय २५, स्टेज सोडलं तर साडेसातशे स्क्वेअर फूट. पाच फुटी गोल टेबल, भोवती आठ खुर्च्या आणि वाढप्याला फिरायला वाट धरली तर एका टेबलाला १० बाय १० जागा लागते, मग सात टेबलं, ५६ माणसं. त्याचं अडीचपट करा, १४०. काकांनी फोटोत मोजली तेवढीच! काका बिचारे बरोबरच मोजत होते, फूटपट्टीच मी खोटी दिली होती.

रिकाम्या फोटोत आपण अंदाज दारावरून, खिडकीवरून, फरशीच्या लाद्यांवरून काढतो. माणसं आली की डोळा बाकी सगळं सोडतो आणि माणसावरूनच माप घेतो. म्हणून गर्दी टाकणं हे भिंतीचा रंग उजळ करण्यासारखं नाहीये असं माझं मत झालंय. आणि मापं अगदी बरोबर घेऊन भरली तरी "इथे लोक येतात" हे वाक्य आपण मालकाच्या वतीने बोललेलो असतोच. नवीन हॉटेलात एकही गिऱ्हाईक आलेलं नसताना फुल्ल टेबलं दाखवली, तर बघणारा त्याला सजावट समजत नाही, तो म्हणतो चला, चालतंय म्हणजे चांगलं असणार.

खाली बारीक अक्षरात "प्रातिनिधिक चित्र" लिहिलं की झालं, असं बरेच जण सांगतात. पण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यात स्पष्ट आहे की मुळात दिशाभूल करणारा दावा डिस्क्लेमर लावून दुरुस्त करता येत नाही.

तुम्हाला हॉल बुक करायचा असेल तर दाराशेजारचा माणूस बघाच. अजून एक, आम्ही कॅमेरा बहुतेक वेळा छातीच्या उंचीवर, साडेचार फुटांच्या आसपास लावतो. तसं असेल तर सपाट फरशीवर उभ्या मोठ्या माणसांच्या छात्या, जवळच्या असोत की लांबच्या, साधारण एकाच आडव्या रेषेत येतात. मागे उभ्या असलेल्या मोठ्या माणसांची डोकीच त्या रेषेच्या खाली गेली असतील तर ती माणसं नंतर आलीयेत, फोटोशॉपमधून. खोट्या माणसांची फरशीतली प्रतिबिंबंही बऱ्याचदा गायब असतात. (माझ्या फोटोत होती, पण पंख्याचीच जास्त ठळक.)

आता मी खऱ्या कार्यक्रमाच्या दिवशी, दुपारी दीडला, लोकांना विचारून फोटो काढतो आणि खाली आसनसंख्या टाकायला लावतो. काम थोडं कमी मिळतं. त्या मालकांना जुना फोटो काढून टाका म्हणून दोनदा फोन केला, तर म्हणाले, "राहू दे हो दादा, त्याच्यावरच तर फोन येतात."