सिलेक्टवर A च का म्हणून?

"४ व्हेरिएबलचं फंक्शन २:१ मक्सवर बसत नाही, ८:१ च लागतो. फोडायचंच असेल तर सिलेक्टवर नेहमी A लावा, कारण तो एमएसबी. आणि मक्स वापरला की ग्लिच येतच नाही. प्रॅक्टिकलच्या आधी सगळ्यांना पाठवा."

सगळ्यांना पाठवलंच कुणीतरी. डिप्लोमाला असलेल्या भाच्याने ते वहीत उतरवूनही घेतलं, म्हणून हे लिहिणं आलं.

पहिला मुद्दा लवकर उरकतो. कुठलंही फंक्शन एका व्हेरिएबलभोवती दोन भागांत फुटतं, हे जॉर्ज बूलने १८५४ मध्येच मांडलं होतं. आपण त्याला शॅननचं नाव देतो, एवढंच. यात "बसत नाही" म्हणण्यासारखं काही नाही. अर्धं खरं इतकंच, की बाहेर एकही अँड-ऑर गेट नको असेल तर ८:१ मक्स सोयीचा: तीन व्हेरिएबल सिलेक्टवर, आणि डेटा पिनांवर ०, १, D किंवा D'. त्यासाठी फार तर एक इन्व्हर्टर लागेल. २:१ मक्सला मात्र उरलेल्या तीन व्हेरिएबलची दोन फंक्शनं बाहेरून द्यावी लागतात. ती सुटसुटीत निघतील की नाही, हे कशाभोवती फोडलं त्यावर ठरतं.

खरा घोळ आहे तो "नेहमी A" मध्ये. हे फंक्शन घ्या:

```
f(A,B,C,D) = Σm(4,5,7,8,9,15)
```

A भोवती फोडलं तर हाती येतं ते असं:

```
A=0:  B(C' + D)
A=1:  B'C' + BCD
```

दोन इन्व्हर्टर, तीन अँड, दोन ऑर, त्यातला एक अँड तीन इनपुटांचा. आणि एवढं करून वर मक्स आहेच. आता C भोवती फोडा. C चं वजन २, म्हणून C=0 च्या ओळी ०, १, ४, ५, ८, ९, १२, १३. इथेच पोरं चुकतात: ट्रुथ टेबलचा वरचा अर्धा, म्हणजे ० ते ७, उचलतात. तो A चा भाग आहे, C चा नव्हे. नीट वेगळं काढलं तर C=0 मध्ये ४, ५, ८, ९ उरतात आणि C=1 मध्ये ७, १५:

```
C=0:  A ⊕ B
C=1:  BD
```

एक एक्सऑर, एक अँड, काम झालं. एमएसबी हा फक्त टेबल लिहिण्याचा क्रम आहे, सर्किटला त्याचं सोयरसुतक नाही. चारही व्हेरिएबल कागदावर करून पाहायला दहा मिनिटं पुरतात. पॅरिटीसारख्या फंक्शनला मात्र कुठूनही फोडा, दुसरा भाग पहिल्याचाच उलटा येतो. तिथे मक्स लावण्यापेक्षा सरळ तीन एक्सऑर बरे.

जोडणी 74LS157 वर: पिन १ ला C, पिन २ ला 7486 चं आउटपुट, पिन ३ ला 7408 चं, आणि f पिन ४ वर. पिन १५ ग्राउंडला. ती मोकळी सोडली तर टीटीएलमध्ये हाय धरली जाते, मक्स बंद राहतो आणि आउटपुट कायम ० येतं. मग उगाच गेटवर संशय जातो. या आयसीतल्या चारही मक्सना सिलेक्ट एकच आहे, त्यामुळे उरलेले तीन दुसऱ्या व्हेरिएबलसाठी वापरता येत नाहीत.

पिन २ आणि ३ ची अदलाबदल झाली का, हे 0111 देऊन कळणार नाही. तिथे दोन्ही भाग १ च आहेत. 0100 देऊन बघा: बरोबर जोडणीत १ येईल, उलट्या जोडणीत ०.

आता ग्लिच. A=0, B=1, D=1 ठेवा आणि C १ वरून ० करा. f आधीही १, नंतरही १. पण गेटांनी बनलेल्या मक्सच्या आत C' इन्व्हर्टरमधून उशिरा येतो. C ची बाजू आधी बंद होते, C' ची मागून उघडते, आणि मधल्या काही नॅनोसेकंदांत आउटपुट खाली जाऊ शकतं. के-मॅपवर ही ५ आणि ७ मधली न झाकलेली जोडी, म्हणजे A'BD. गंमत अशी, की हा टर्म नव्याने बनवायचीही गरज नाही: मक्सच्या दोन्ही डेटा इनपुटांचा अँड केला की तोच मिळतो. 7408 मधला एक गेट मोकळा आहेच. त्याचं आउटपुट 7432 च्या एका गेटमध्ये पिन ४ बरोबर ऑर करायचं. f ला नुसता एलईडी लावला असेल तर ही दरी दिसणारही नाही. f काउंटरच्या क्लॉकला दिला असेल, तर एक मोजणी जास्तीची होऊ शकते.