गाजर तडकतं ते धार गेली म्हणून नाही

"सुरी घ्यायची तर स्कँडी ग्राइंडचीच घ्या. एकच उतार असल्यामुळे ती सगळ्यात धारदार असते आणि भाजीपासून लाकडापर्यंत सगळं कापते. धार लावायलाही सगळ्यात सोपी, उतार दगडावर टेकवला की झालं. हॉलो ग्राइंडच्या नादी लागू नका, ते पातं कमकुवत असतं."

सुरी घेणाऱ्याला असा सल्ला मिळतो. ग्राइंड म्हणजे पात्याच्या बाजू कडेकडे कशा घासून निमुळत्या केल्या आहेत तो आकार. या सल्ल्याच्या पहिल्याच मुद्द्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. धार म्हणजे पात्याचे दोन्ही उतार जिथे मिळतात ती कड किती बारीक आहे. ती कड फ्लॅट, हॉलो, स्कँडी अशा कुठल्याही सुरीवर हातावरचे केस उडतील इतकी आणता येते. ग्राइंडवर अवलंबून असते ती कडेच्या मागची जाडी. कड वाट काढते, पण त्या वाटेतून मागचं सगळं पोलादही जायचं असतं, आणि सुरी अडते ती तिथे.

आकडे घेऊन बघू. स्कँडी म्हणजे स्वीडन-फिनलंडकडच्या साध्या कामाच्या सुरीची घडण. तिचं पातं समजा 2.5 मिमी जाड आहे आणि दोन्ही बाजूंचे उतार मिळून 23 अंशांचा कोन होतो. अशा पात्याची जाडी पाठीपासून बरीच खालपर्यंत कमीच होत नाही. सगळा उतार शेवटच्या सहा मिमीत असतो. कडेपासून 5 मिमी वर जाडी मोजली तर ती 2 मिमी भरते. याउलट स्वयंपाकघरातली चांगली फ्लॅट ग्राइंडची सुरी पाठीला 2 मिमी असते आणि साडेचार सेंटीमीटर उंचीभर हळूहळू निमुळती होत येते. तीच 5 मिमीची जागा तिच्यावर जेमतेम अर्धा मिमी जाड असते. म्हणजे चौपट फरक, आणि तोही धार दोन्हींना सारखीच असताना.

आता दोन्ही सुऱ्यांनी एकेक जाड गाजर मधोमध आडवं कापा. फ्लॅट सुरी ओट्यापर्यंत सरळ उतरते. स्कँडी थोडी आत जाते, मग जोर वाढवावा लागतो आणि 'टक्' आवाज करून गाजर दुभंगतं. तुकड्याचा कापलेला भाग उजेडात धरा. वरची पट्टी गुळगुळीत, चकचकीत दिसेल आणि तिच्याखाली खरखरीत, फाटलेला भाग दिसेल. चकचकीत भाग सुरीनं कापला, बाकीचा पाचरीनं फोडला. सुरणावर, लाल भोपळ्यावर हेच होतं, फक्त तिथे सुरी मधेच रुतून बसते. आणि मग माणूस 'धार गेली' म्हणून दगड काढतो. धार गेलेली नसते, आणि कितीही धार लावली तरी गाजर तडकायचं थांबणार नाही.

पातळ चकत्या काढताना मात्र ही अडचण फारशी जाणवत नाही, कारण चकती बाजूला वाकते आणि पात्याला जागा देते. लाकूड तासताना तर हेच घडतं. ढलपी वाकून निघून जाते आणि तो रुंद सपाट उतार लाकडावर टेकून पात्याला दिशा देतो, त्यामुळे किती खोल जायचं ते हातात राहतं. स्कँडी याच कामासाठी घडली आणि तिथे तिला तोड नाही. ठोकून तोडण्याच्या कामाची गोष्ट वेगळी. पातं जाड दिसलं तरी तिची कड स्वतः बाजूला 11-12 अंशांचीच, म्हणजे नाजूक असते. हाडावर किंवा नारळाच्या करवंटीवर मारली की कड दुमडते. दिव्याखाली कड डोळ्यांसमोर धरली तर अशा जागी बारीक चमक दिसते. शाबूत कडेवर चमक दिसत नाही.

धार लावण्याच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे. कोन शोधावा लागत नाही, उतार स्वतःच दगडावर बसतो, आणि नवशिक्याला याचा खरंच फायदा होतो. पण घासावं किती लागतं, तेही बघायला हवं. कडेला अर्धा मिमी खोल खाच पडली आहे असं धरा. ती घालवायची तर स्कँडीवर दोन्ही बाजूंचा प्रत्येकी सहा मिमीहून रुंद उतार पूर्णच्या पूर्ण झिजवावा लागतो. फ्लॅट सुरीच्या कडेशी दुसरा, छोटा उतार असतो. कडेमागे 0.3 मिमी जाडी आणि बाजूला 15 अंश धरले तर तो जेमतेम 0.6 मिमी रुंद भरतो. हिशेब केला तर स्कँडीवर सुमारे आठपट पोलाद काढावं लागतं. रोजची हलकी धार दोन्हीकडे पटकन होते, पण खाच पडली की फ्लॅट सुरी चहा उकळेपर्यंत तयार होते आणि स्कँडीवर हात दुखून येतात.

शिवाय पुष्कळ नव्या स्कँडी सुऱ्यांना कारखान्यातूनच कडेवर एक अगदी बारीक जादा उतार दिलेला असतो. मोठा उतार दगडावर टेकवून कितीही घासलं तरी दगड कडेला लागतच नाही. ओळखायचं कसं? उतारावर मार्करनं शाई लावा, चारपाच वेळा हलक्या हातानं घासा आणि बघा. कडेलगत शाईची रेघ तशीच राहिली असेल तर दगड तिथे पोचलेला नाही. ती रेघ जाईपर्यंत आणि पलीकडच्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागेपर्यंत ती बाजू सोडू नका. दगडही सपाट हवा. मधे खोलगट झालेल्या दगडावर सपाट उतार गोलसर होतो आणि 'टेकवला की झालं' ही सोयच संपते. दारावरच्या धारवाल्याला स्कँडी दिलीत तर चाकावर तो कडेशी नेहमीसारखा वेगळा उतार काढून देईल. त्यात त्याची चूक नाही, पण ती सुरी मग स्कँडी राहत नाही.

राहिला हॉलो. पात्याच्या बाजू चाकावर आत खोलगट घासल्या की तो हॉलो ग्राइंड. (सांतोकु या स्वयंपाकाच्या जपानी सुरीवरचे लंबगोल खड्डे म्हणजे हॉलो ग्राइंड नव्हे.) कडेची ताकद तिच्या कोनावर, पोलादावर आणि लगतच्या जाडीवर ठरते. बाजूला 20 अंशांचा उतार दिलेली हॉलो सुरीची कड ओट्यावर आपटली तर 11 अंशांच्या स्कँडीपेक्षा जास्त तग धरते. कमकुवतपणा आहे तो बाजूच्या ताणापुढे. सांध्यात खुपसून पिळली तर कडेमागचा पातळ भाग तुकडा सोडतो. कातडी सोलणं, मांसाचे, मासळीचे उथळ काप यांत मात्र ती लोण्यातून गेल्यासारखी जाते. शिकाऱ्यांत लोकप्रिय झालेली अमेरिकेची बक 110 ही घडीची सुरी हॉलो ग्राइंडचीच आहे. न्हाव्याचा जुना वस्तराही हॉलोच. तो दगडावर आडवा ठेवला की पाठ आणि कड एवढंच टेकतं, मधला खोलगट भाग अधांतरी राहतो. त्यामुळे कोन आपोआप मिळतो आणि झिजवायचं पोलादही अगदी थोडं असतं.

हॉलो सुरी घेताना बघायचं ते खोलगट भाग वर कुठे संपतो ते. तिथे पातं एकदम जाड होतं. तो खांदा कडेपासून दीड सेंटीमीटरवर असेल तर बटाटा अर्धा कापून होतो न होतो तोच सुरी अडेल. धार लावून लावून कड वर सरकली की बराच काळ फरक कळत नाही, कारण खोलगट भागात जाडी फार हळू वाढते. कड खांद्याजवळ पोचली की मात्र तीच सुरी एकाएकी बोथट वाटायला लागते. मग दगडाचा उपयोग नसतो. पातं पुन्हा चाकावर चढवून बाजू पातळ करून घ्याव्या लागतात, आणि तेही पाणी मारत, कारण कड तापून निळी पडली तर तेवढ्या भागाचा कडकपणा जातो.